एक्सेलचा चार्ट मार्चमध्येच का उलटतो : गावं लेजेंडमध्ये आणि महिने खाली आले तर काय करायचं

ही अडचण मला दोन वर्षं लागोपाठ आली आणि दोन्ही वेळा मार्चच्याच मीटिंगला आली. त्यामुळे नीट लिहून ठेवतेय, कारण बटन एकच आहे पण त्यामागचं कारण कळलं नाही तर दरवर्षी तेच होत राहतं.

आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे, यवतमाळ जिल्ह्यात, पाच गावांचा कापूस एका ठिकाणी जमा होतो आणि हिशोबाचं काम माझ्याकडे. सीझन ऑक्टोबर ते मार्च. दर दोन महिन्यांनी संचालकांची बैठक होते आणि त्यात कोणत्या गावचा किती क्विंटल कापूस आला याचा एक चार्ट भिंतीवर प्रोजेक्टरने दाखवायचा असतो. नोव्हेंबरच्या बैठकीत चार्ट बरोबर, जानेवारीत बरोबर, आणि मार्चमध्ये तेच टेबल, तीच पद्धत, तेच Insert मधून कॉलम चार्ट, आणि चार्ट पूर्ण उलटा. खाली गावांची नावं पाहिजे होती तिथे ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर असे महिने, आणि रंगांच्या खुणांमध्ये म्हणजे लेजेंडमध्ये महिने पाहिजे होते तिथे पिंपळगाव, बोरगाव वगैरे. मागच्या ओळीत बसलेले खैरगावचे एक काका उठून भिंतीजवळ आले, बोटाने हिरव्या रंगाच्या पट्ट्या शोधल्या आणि म्हणाले, "ताई, आमच्या गावचा कापूस एका जागी दिसूनच नाही राहिला, कुठी पाहू?" त्यांचं बरोबरच होतं, त्यांच्या गावचे सहा महिने सहा वेगवेगळ्या गठ्ठ्यांमध्ये विखुरले होते.

टेबल असं आहे, आकडे समजायला सोपे करून घेतलेत, सगळे क्विंटलमध्ये :

| गाव | ऑक्टोबर | नोव्हेंबर | डिसेंबर | जानेवारी | फेब्रुवारी | मार्च |
|---|---|---|---|---|---|---|
| पिंपळगाव | 40 | 180 | 260 | 210 | 120 | 50 |
| बोरगाव | 25 | 140 | 230 | 240 | 150 | 70 |
| सावरगाव | 60 | 210 | 190 | 130 | 60 | 20 |
| खैरगाव | 15 | 90 | 170 | 190 | 140 | 80 |
| वडगाव | 30 | 120 | 200 | 160 | 90 | 40 |

शीटवर हे A1 पासून G6 पर्यंत बसतं. A कॉलममध्ये गावं, पहिल्या ओळीत महिने.

आधी उपाय, ज्याला घाई आहे त्याच्यासाठी

चार्टवर एकदा क्लिक करा. वर रिबनमध्ये Chart Design नावाचा टॅब उगवतो, चार्टवर क्लिक केल्याशिवाय तो दिसतच नाही, आणि बरेच लोक इथेच अडकतात. जुन्या व्हर्जनमध्ये, म्हणजे 2007 पासून 2016 पर्यंत, Chart Tools च्या खाली Design असं लिहिलेलं असते. त्यात Data नावाच्या भागात Switch Row/Column हे बटन आहे. ते एकदा दाबायचं, गावं खाली येतात, महिने लेजेंडमध्ये जातात. परत दाबलं तर परत उलटतं. शीटवरच्या आकड्यांना काहीही होत नाही, टेबल जसंच्या तसं राहते, फक्त चार्ट ते टेबल कोणत्या बाजूने वाचतो तेवढंच बदलतं, त्यामुळे घाबरायचं काम नाही.

तेच बटन दुसऱ्या जागी पण आहे. चार्टवर राईट क्लिक करून Select Data घेतलं की एक खिडकी उघडते, तिच्यात डाव्या बाजूला Legend Entries (Series) आणि उजव्या बाजूला Horizontal (Category) Axis Labels अशा दोन याद्या दिसतात आणि मधोमध Switch Row/Column. मी स्वतः हीच खिडकी वापरते, कारण दोन्ही याद्या समोर असल्यामुळे कोण कुठे आहे ते वाचून कळतं. डावीकडे पाच गावं आणि उजवीकडे सहा महिने दिसले तर चार्ट उलटा, डावीकडे महिने आणि उजवीकडे गावं दिसली तर मला पाहिजे तसा.

पण मार्चमध्येच का?

पहिल्या वर्षी मला वाटलं कुठेतरी माझ्याच हातून काही चुकलं असणार, म्हणून पूर्ण संध्याकाळ टेबल तपासत बसले. टेबलात काही चूक नव्हती. गोष्ट अशी आहे की चार्ट नव्याने बनवताना एक्सेलला माहीत नसतं की गावं म्हणजे काय आणि महिने म्हणजे काय. तो फक्त मोजतो. ओळी जास्त आहेत का कॉलम जास्त आहेत. जी बाजू लांब, तिची नावं तो खालच्या आडव्या अक्षावर टाकतो, आणि जी बाजू आखूड ती सिरीज म्हणजे वेगवेगळ्या रंगांच्या पट्ट्या होतात. त्याचा विचार असा की रंग कमी असले तर चार्ट वाचायला सोपा जातो, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं.

आता आमचं टेबल या नजरेने पहा. नोव्हेंबरमध्ये ऑक्टोबर आणि नोव्हेंबर असे दोनच कॉलम होते आणि गावं पाच. ओळी जास्त, म्हणून गावं खाली, दोन महिने दोन रंगांत. जानेवारीत चार कॉलम, पाच ओळी, अजूनही ओळीच जास्त, गावं खालीच. मार्चमध्ये सहा महिने झाले आणि गावं तीच पाच. आता कॉलम जास्त झाले. एक्सेलने महिने खाली टाकले आणि गावांना रंग दिले. म्हणजे टेबलमध्ये एकही चूक नसताना फक्त दोन महिने वाढल्यामुळे चार्टने कूस बदलली. आमच्याकडे पाचच्या जागी सात गावं असती तर हे मार्चमध्ये झालंही नसतं, आणि मला कारणही कधी कळलं नसतं.

ओळी आणि कॉलम सारखेच असतील, जसं पाच गावं आणि पाच महिने, तेव्हा अंदाज लावत बसू नका, चार्ट बनवल्याबरोबर बघून घ्या आणि पाहिजे तर बटन दाबा.

याच मोजणीत एक आणखी गोष्ट येते, ती म्हणजे एकूणची ओळ. बऱ्याच जणांच्या टेबलात खाली किंवा उजवीकडे "एकूण" असते आणि चार्टसाठी सिलेक्ट करताना तीसुद्धा आत येते. त्यामुळे एक तर मोजणी एकाने बदलते, म्हणजे चार्ट कधी उलटेल ते अजूनच सांगता येत नाही, आणि दुसरं म्हणजे पिंपळगावचं एकूण 860 क्विंटल ही पट्टी 40 क्विंटलच्या ऑक्टोबरच्या शेजारी उभी राहते आणि ऑक्टोबर नुसती रेघ होऊन जाते. चार्टसाठी सिलेक्ट करताना एकूण सोडूनच सिलेक्ट करा. तसंच अ.क्र. चा कॉलम. तो आकडा आहे, नाव नाही, तो आत घेतला की नावं कोणती आणि आकडे कोणते यात एक्सेलचा गोंधळ होतो. गावाच्या कॉलमपासूनच सिलेक्शन सुरू करायचं.

टेबल फिरवून काही होत नाही

हे मला खास सांगायचं आहे कारण पहिल्या वर्षी मी हेच केलं आणि पाऊण तास घालवला. मला कोणीतरी सांगितलं होतं की टेबल कॉपी करून Paste Special मध्ये Transpose ला टिक केली की ओळींचे कॉलम होतात. होतात, बरोबर होतात. मी ते केलं, महिने खाली ओळींमध्ये आले, गावं वर कॉलममध्ये गेली, आणि त्या नवीन टेबलवरून नवीन चार्ट काढला. चार्ट जसा होता तसाच आला. महिने खाली, गावं रंगात. मला वाटलं एक्सेल बिघडलं.

आता विचार केला तर साधी गोष्ट आहे. फिरवलेल्या टेबलात सहा ओळी आहेत, त्या महिन्यांच्या, आणि पाच कॉलम आहेत, ते गावांचे. एक्सेल परत मोजतो, ओळी जास्त, म्हणून ओळी खाली, आणि ओळी म्हणजे महिने. टेबल कसंही ठेवा, सहा ही पाचपेक्षा मोठी संख्या आहे, आणि तो मोठ्या बाजूलाच खाली टाकणार. म्हणजे टेबल फिरवून नवीन चार्ट काढणं हा या अडचणीवरचा उपायच नाही, उलट त्यात नुकसान आहे, कारण आता शीटवर दोन टेबलं झाली आणि मूळ टेबलमध्ये वडगावचा आकडा दुरुस्त केला तर फिरवलेल्या कॉपीत तो जुनाच राहतो आणि चार्ट जुनाच दाखवत राहतो. बैठकीत कोणी विचारलं की ताई हा आकडा वेगळा का, तर उत्तर नसतं.

खरंच उलटा आहे का ते ओळखायची खूण

चार्टच्या रिकाम्या भागावर क्लिक करा, पट्टीवर नाही, कडेच्या पांढऱ्या जागेवर, आणि मग शीटवरच्या टेबलकडे बघा. टेबलभोवती तीन रंगांच्या चौकटी दिसतात. निळी चौकट आकड्यांभोवती. जांभळी चौकट ज्या नावांभोवती आहे ती खालच्या अक्षावर आहेत. आणि लाल चौकट ज्या नावांभोवती आहे ती लेजेंडमध्ये, म्हणजे सिरीजची नावं. 2010 आणि त्याच्या आधीच्या व्हर्जनमध्ये लालच्या जागी हिरवी असते. आमच्या टेबलमध्ये जांभळी चौकट A2 ते A6 वर म्हणजे गावांवर पाहिजे आणि लाल चौकट B1 ते G1 वर म्हणजे महिन्यांवर. मार्चच्या चार्टमध्ये हेच नेमकं उलट होतं, जांभळी महिन्यांवर आणि लाल गावांवर. बटन दाबलं की दोन्ही चौकटी डोळ्यासमोर जागा बदलतात, एकदा करून बघा, मग हा विषय डोक्यात पक्का बसतो.

ज्यांना अजून आत बघायचं आहे त्यांनी एका पट्टीवर क्लिक करून फॉर्म्युला बारमध्ये बघा. बरोबर चार्टमध्ये पहिल्या सिरीजचा फॉर्म्युला असा असतो :

```
=SERIES(Sheet1!$B$1,Sheet1!$A$2:$A$6,Sheet1!$B$2:$B$6,1)
```

आणि उलट्या चार्टमध्ये असा :

```
=SERIES(Sheet1!$A$2,Sheet1!$B$1:$G$1,Sheet1!$B$2:$G$2,1)
```

कंसातली पहिली गोष्ट म्हणजे सिरीजचं नाव, दुसरी म्हणजे खालच्या अक्षावरची नावं, तिसरी आकडे, शेवटचा एक म्हणजे कितवी सिरीज. वरच्यामध्ये नाव B1 म्हणजे ऑक्टोबर आहे आणि खाली A2 ते A6 गावं आहेत. खालच्यामध्ये नाव A2 म्हणजे पिंपळगाव आणि खाली महिने. तेवढाच फरक.

कोणती बाजू बरोबर, हे कोण ठरवणार

उलटा म्हणजे नेहमी चुकीचा असं नाही. एक साधी कसोटी मी वापरते : ज्या दोन पट्ट्या एकमेकींना चिकटून उभ्या असतात त्यांचीच तुलना डोळा आधी करतो. गावं खाली असली की पिंपळगावचे सहा महिने चिकटून उभे राहतात आणि त्या गावचा कापूस कधी चढला कधी उतरला ते दिसतं. सावरगावचा नोव्हेंबरमध्येच 210 वर जाऊन पुढे उतरत गेला आणि बोरगाव, खैरगावचा जानेवारीत सगळ्यात जास्त आला, हे गावं खाली असल्यावर एका नजरेत कळतं. आमच्या बैठकीत प्रत्येक जण आपल्या गावचं बघायला येतो म्हणून आम्हाला हाच चार्ट पाहिजे.

पण गाडीवाल्याला किंवा गोदामवाल्याला दाखवायचं असेल तर त्याला महिना महत्त्वाचा. डिसेंबरमध्ये कोणत्या गावाला जास्त फेऱ्या लागल्या हे बघायला महिने खाली आणि पाच गावं शेजारी शेजारी हाच चार्ट चांगला, म्हणजे एक्सेलने मार्चमध्ये जो दिला तोच. आम्ही आता दोन्ही ठेवतो. एकदा बनवलेला चार्ट कॉपी करून बाजूला पेस्ट केला आणि कॉपीवर एकदा बटन दाबलं की दुसरा तयार.

लाईन चार्ट असेल तर मात्र यात मत वगैरे नाही, महिने खालीच पाहिजेत. गावं खाली टाकून लाईन काढली तर रेघ पिंपळगावहून बोरगावला, बोरगावहून सावरगावला चढते उतरते आणि बघणाऱ्याला वाटते काहीतरी वाढलं किंवा घटलं, पण एका गावातून दुसऱ्या गावात काही वाढत घटत नसतं. त्यामुळे जानेवारीत चार महिन्यांचा लाईन चार्ट काढला तर तिथे उलटी अडचण येते, कारण तेव्हा एक्सेल गावं खाली टाकतो, आणि तेव्हा बटन दाबून महिने खाली आणावे लागतात.

पाय चार्टमध्ये एकच सिरीज मावते. तिथे बटन दाबलं की ऑक्टोबरमधल्या पाच गावांच्या ऐवजी पिंपळगावचे सहा महिने गोलात दिसायला लागतात, बाकीचे आकडे दोन्ही वेळा दिसतच नाहीत. त्यामुळे पायसाठी नावांचा कॉलम आणि आकड्यांचा एकच कॉलम तेवढाच सिलेक्ट केलेला बरा.

बटन दाबूनही बरोबर होत नाही

असं झालं तर बहुतेक वेळा अडचण वेगळीच असते. सगळ्यात जास्त दिसणारी म्हणजे वर्षं. आमच्या एका सचिवांनी मागच्या काही वर्षांचा एकूण कापूस असा चार्ट करायला घेतला, A कॉलममध्ये 2021, 2022, 2023, 2024 आणि A1 मध्ये "वर्ष", B कॉलममध्ये क्विंटल. चार्टमध्ये दोन रंगांच्या पट्ट्या आल्या, एक "वर्ष" नावाची, चारही ठिकाणी जवळपास सारखीच दोन हजाराच्या वर उंच, आणि दुसरी कापसाची, आणि खाली वर्षांच्या जागी 1, 2, 3, 4. ते Switch Row/Column दाबत राहिले, पण त्याने चार्ट आडवा उभा होतो, वर्षं खाली काही येत नाहीत. कारण वर्ष हा एक्सेलसाठी आकडाच आहे, त्याने ते नाव समजून नाही तर मोजायचा आकडा समजून घेतलं.

यावर सोपा उपाय म्हणजे चार्ट काढायच्या आधी डाव्या वरच्या कोपऱ्यातला सेल, म्हणजे A1 मधलं "वर्ष" पुसून टाकायचं. कोपरा रिकामा दिसला की एक्सेल समजतो की पहिला कॉलम आणि पहिली ओळ नावांची आहे. चार्ट झाला की "वर्ष" परत लिहून टाका, झालेल्या चार्टला त्याने फरक पडत नाही. चार्ट आधीच बनलेला असेल तर Select Data उघडा, डावीकडच्या यादीतली "वर्ष" नावाची सिरीज Remove करा, आणि उजवीकडे Edit दाबून वर्षांचे सेल, आमच्या इथे A2 ते A5, सिलेक्ट करा. टेबल Ctrl+T ने एक्सेलचं टेबल बनवलेलं असेल तर कोपरा रिकामा ठेवता येत नाही, तिथे तो स्वतःच काहीतरी नाव भरतो, म्हणून तिथे हा दुसरा मार्गच वापरा.

स्कॅटर चार्टमध्ये, जिथे X आणि Y दोन्ही आकडे असतात, पाऊस आणि उत्पादन वगैरे, तिथे लोकांना X आणि Y ची अदलाबदल करायची असते आणि ते हेच बटन दाबतात. त्याने X आणि Y बदलत नाहीत. तिथे Select Data मध्ये सिरीज निवडून Edit घ्यायचं आणि Series X values आणि Series Y values मधल्या रेंज हाताने एकमेकींच्या जागी टाकायच्या.

पिव्होट चार्ट असेल तर बटन दाबण्याआधी थांबा. साध्या चार्टमध्ये टेबलला काही होत नाही असं मी वर सांगितलं, पण पिव्होट चार्ट त्याच्या पिव्होट टेबलला बांधलेला असतो. तिथे अदलाबदल केली की पिव्होट टेबलमध्ये सुद्धा ओळीतलं फील्ड कॉलममध्ये आणि कॉलममधलं ओळीत जातं, आणि त्या टेबलावरून दुसऱ्या शीटवर कोणी फॉर्म्युला लावला असेल तर तो भलत्याच सेलचा आकडा उचलू शकतो.

बटन फिकट, दबतच नाही

हे दोन कारणांनी होतं असं माझ्या पाहण्यात आलं. एक म्हणजे चार्ट एक्सेलमध्ये नाही तर वर्डच्या अहवालात किंवा पॉवरपॉईंटमध्ये आहे. तिथे आधी Edit Data दाबून त्याची आकड्यांची छोटी शीट उघडायला लागते, ती उघडी असेपर्यंतच बटन चालतं. शीट बंद केली की परत फिकट.

दुसरं म्हणजे चार्ट तुकड्यातुकड्यांनी बनलेला आहे. एक गाव या शीटवरून, दुसरं गाव दुसऱ्या शीटवरून, एक सिरीज हाताने Add करून. Select Data उघडल्यावर वर Chart data range च्या जागी रेंज दिसायच्या ऐवजी The data range is too complex to be displayed असं काही लिहून आलं तर हेच कारण. अशा चार्टला एक अख्खी चौकोनी रेंजच नसते, मग ओळी आणि कॉलमची अदलाबदल कशाची करणार. यावर उपाय म्हणजे सगळे आकडे एका टेबलमध्ये शेजारी शेजारी आणायचे आणि Chart data range मध्ये ते पूर्ण टेबल नव्याने सिलेक्ट करायचं. लक्षात ठेवा, त्याने जुन्या सगळ्या सिरीज जाऊन नवीन येतात. आणि रेंज नव्याने टाकली की दिशा परत एकदा तपासून घ्या, पहिली दिशा टिकून राहील असं धरून चालू नका.

रंग शेवटी

माझी दुसऱ्या वर्षाची चूक ही होती की मी आधी प्रत्येक सिरीजला रंग दिले, आकड्यांची लेबलं लावली, अक्षरं मोठी केली, आणि मग लक्षात आलं चार्ट उलटा आहे. बटन दाबल्यावर सिरीज पाचच्या सहा झाल्या आणि पिंपळगावला दिलेला रंग ऑक्टोबरला जाऊन चिकटला, सहाव्या सिरीजला लेबलं नाहीत, सगळं परत करायला लागलं. त्यामुळे क्रम असा ठेवा, चार्ट काढला, दिशा बघितली, बटन दाबायचं तर दाबलं, आणि मगच रंग आणि बाकी सजावट. कोणती सिरीज उजव्या बाजूच्या दुसऱ्या अक्षावर टाकायची असेल तर ते पण नंतरच.

दरवर्षी परत होऊ नये म्हणून

आता मी ऑक्टोबरमध्येच पूर्ण टेबल मांडून ठेवते, सहाही महिन्यांची नावं वर लिहून, पुढचे महिने रिकामे. त्यावरून चार्ट काढते, तो सहा विरुद्ध पाच असल्यामुळे पहिल्याच दिवशी उलटा येतो, एकदाच बटन दाबते आणि विषय संपला. पुढे आकडे भरत गेले की पट्ट्या आपोआप उभ्या राहतात, दिशा बदलत नाही, कारण चार्ट नव्याने बनतच नाही. तोटा एवढाच की नोव्हेंबरच्या बैठकीत प्रत्येक गावाच्या पुढे चार महिन्यांची रिकामी जागा दिसते. आमच्या संचालकांना ते चालतं, त्यांना सीझन किती बाकी आहे तेही त्यात दिसतं. ज्यांना रिकामी जागा नको त्यांनी दोन महिन्यांचा चार्ट ठेवावा आणि दर वेळी नवीन काढण्यापेक्षा त्याच चार्टवर क्लिक करून टेबलभोवतीच्या निळ्या चौकटीचा कोपरा उजवीकडे ओढून नवीन महिने आत घ्यावेत.

ज्यांना दर वेळी नवीन चार्टच काढावा लागतो, जसं एका तालुक्यातल्या पंधरा गावांचे वेगवेगळे चार्ट, त्यांच्यासाठी एक छोटा मॅक्रो आहे. Alt+F11 दाबा, Insert मधून Module घ्या आणि हे टाका :

```
Sub GavKhali()
    ActiveChart.PlotBy = xlColumns
End Sub
```

चार्टवर क्लिक करून हा चालवला की टेबल कितीही लांब रुंद असो, कॉलम म्हणजे सिरीज आणि पहिला कॉलम खालच्या अक्षावर. xlColumns च्या जागी xlRows टाकलं की उलट. बटनापेक्षा याचा फायदा असा की बटन दर वेळी बाजू पलटवतं, आधी बरोबर असेल तर चुकीची करून ठेवतं, आणि हा मॅक्रो दहा वेळा चालवला तरी दिशा एकच राहते. चार्टवर क्लिक न करता चालवला तर एरर येतो, आणि फाईल .xlsm म्हणून सेव्ह केली नाही तर मॅक्रो पुढच्या वेळी सापडत नाही.